आकृतीतली रेष आणि बोर्डावरचे तांबे

दोन चाकांच्या लहान रोबोटची मोटर जागेवरून हलू लागते त्या क्षणी तिला लागणारा प्रवाह तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असतो, कारण मोटर फिरत असताना तिच्यातच निर्माण होऊन बॅटरीला विरोध करणारा विद्युतदाब त्या वेळी शून्य असतो आणि बॅटरीसमोर केवळ गुंडाळीच्या तारेचा रोध उरतो. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. गुंडाळीचा रोध २.१ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे एका मोटरला ६ आणि दोन मोटरींना मिळून १२ अँपिअर प्रवाह लागतो. त्याच सर्किट बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे रोबोटचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपला, ३.३ व्होल्टवर अँपिअरचा दहावा हिस्साही बहुधा पुरतो. मात्र तो दाब ठरावीक मर्यादेखाली क्षणभर घसरला तरी चिप रीसेट होते आणि रोबोट मध्येच सगळे विसरून पहिल्यापासून सुरुवात करतो. नियंत्रकाचा बोर्ड आखणे म्हणजे मुख्यतः या दोन प्रवाहांना एकाच पट्टीवर शेजारी नांदायला लावणे होय.

कामाची सुरुवात स्कीमॅटिकने होते. कोणत्या घटकाचे कोणते टोक कोणाला जोडायचे हे दाखवणारी ही आकृती हल्ली किकॅडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काढतात. ज्याँ-पिएर शारा यांनी फ्रान्समध्ये १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला. सॉफ्टवेअर आकृतीतली सुटलेली टोके शोधून देते, परंतु आखणाऱ्याच्या मनात न आलेली परिस्थिती त्याला दिसत नाही. बॅटरी जोडल्यापासून प्रोग्रॅम सुरू होईपर्यंतच्या अल्प काळात मायक्रोकंट्रोलरच्या पिना ना चालू ना बंद अशा लोंबकळत्या अवस्थेत असतात, आणि मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपची ‘चालू कर’ ही पिन अशा पिनेला जोडलेली असेल, तर रोबोट कोणाच्याही आज्ञेविना टेबलावरून उडी घेऊ शकतो. त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या सामाईक जागेपर्यंत, १० हजार ओहमचा एक रोधक जोडला की स्पष्ट आज्ञा येईपर्यंत मोटर बंद राहते. अगदी स्वस्तातला हा भाग नवख्यांच्या आकृतीत हमखास राहून जातो.

संरक्षणाची जागा बॅटरीच्या प्रवेशद्वाराशीच असते. सर्वांत आधी फ्यूज येतो, कारण लहान लिथियम-पॉलिमर बॅटरीही शॉर्ट झाल्यास ५० अँपिअरहून अधिक प्रवाह सहज ओतते. या उदाहरणात मोटारगाड्यांमध्ये असतो तसा १५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज चालतो. त्यानंतर बॅटरी उलटी जोडली गेल्यास काय, हा प्रश्न येतो. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा साधा डायोड हे त्याचे पुस्तकी उत्तर आहे, पण त्यावर अर्धा व्होल्ट जरी खर्ची पडला तरी १२ अँपिअरला ६ वॉट उष्णता निर्माण होते, आणि मोटरला ब्रेक लावल्यावर उलट दिशेने येणारी ऊर्जाही डायोड बॅटरीकडे परत जाऊ देत नाही. ती ऊर्जा मग बोर्डावरचा दाब चढवत राहते. म्हणून येथे पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे दाबाने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, वापरणे शहाणपणाचे ठरते. बॅटरी सुलट जोडलेली असताना त्याचा रोध १० मिलिओहमच्या आसपास असतो, त्यामुळे १२ अँपिअरला दीड वॉटपेक्षा कमी उष्णता होते आणि प्रवाहाला दोन्ही दिशा मोकळ्या राहतात.

अधिक फसवा धोका बॅटरी जोडण्याच्या क्षणात दडलेला असतो. बॅटरीच्या तारांना थोडे प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, असते, आणि बोर्डावर नुसतेच सिरॅमिक कपॅसिटर असतील, तर प्लग बसताच दाब हेलकावे खात जवळजवळ दुपटीवर, म्हणजे २५ व्होल्टपर्यंत, जाऊ शकतो. चिपसाठी ३.३ व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर पहिल्याच जोडणीत का जळाला याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. सिरॅमिकच्या शेजारी मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला की त्याचा अंगभूत रोध हे हेलकावे शमवतो. तरीही उरलेला उसळता दाब टीव्हीएस डायोड ठरावीक पातळीवर रोखून धरतो. मात्र १५ व्होल्टच्या कामासाठीचा असा डायोड भर प्रवाहात सुमारे २४ व्होल्टपर्यंत दाब चढू देतो, त्यामुळे त्याच्या पुढचे भाग ३० व्होल्टहून अधिक सोसणारे निवडावे लागतात.

कनेक्टरच्या निवडीत प्रवाहाइतकाच माणसाच्या घाईचाही विचार करावा लागतो. बॅटरीसाठी उलटा बसूच न शकणारा एक्सटी-६० योग्य असतो. चाकाचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरसाठी खटका असलेला लहान कनेक्टर लागतो, कारण नुसत्या पिनांवर खोचलेल्या तारा रोबोटच्या थरथरीने सैल होतात. मोटर आणि एन्कोडर यांच्या पिनांची संख्या वेगळी ठेवली की एकाचा प्लग दुसऱ्यात जात नाही. सर्वोमोटरच्या तीनपदरी प्लगमध्ये धन तार मध्ये ठेवण्याची रूढी याच धोरणातली आहे: प्लग उलटा खोचला तरी धन तार धनालाच मिळते.

यानंतर लेआउट, म्हणजे घटकांची आणि तांब्याच्या पट्ट्यांची प्रत्यक्ष मांडणी, आणि खरी कसोटी येथे लागते, कारण स्कीमॅटिकमधल्या रेषेला रोध नसतो आणि तांब्याला असतो. बोर्डावरचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्याचा कोणताही चौरस, लहान असो वा मोठा, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सुमारे अर्धा मिलिओहम रोध दाखवतो. पट्ट्याचा रोध काढायचा तर त्यात किती चौरस बसतात तेवढे मोजावे. मोटरींचा परतीचा प्रवाह ६० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद पट्ट्यातून नेला, तर ३० चौरसांचे १५ मिलिओहम होतात आणि १२ अँपिअरला त्यावर ०.१८ व्होल्ट उभे राहतात. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु मोटरचा प्रवाह मोजण्यासाठी तिच्या वाटेत १० मिलिओहमचा रोधक ठेवला असेल, तर ६ अँपिअरला त्यावर फक्त ०.०६ व्होल्ट मिळतात. मापनाचा संदर्भ त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर चूक मापनाच्या तिप्पट होते. आकृतीत मात्र दोन्ही टोकांवर ग्राउंडचे एकच चिन्ह असते.

यावर उपाय म्हणून ग्राउंडचे ‘मोटरचे’ आणि ‘चिपचे’ असे दोन तुकडे पाडण्याची सूचना वारंवार दिली जाते, पण ती सहसा नवीच अडचण उभी करते: वेगाने बदलणाऱ्या संकेताचा परतीचा प्रवाह त्याच्या पट्ट्याच्या थेट खालून वाहू पाहतो, आणि खाली फट आली की तो लांबचा वळसा घेऊन वाटेत गोंगाट पेरतो. खालचा संपूर्ण थर अखंड ग्राउंडसाठी राखून घटकांच्या जागाच नीट ठरवणे अधिक बरे. बॅटरीचे प्रवेशद्वार आणि ड्रायव्हर एका कडेला लगोलग ठेवावेत, मायक्रोकंट्रोलर विरुद्ध कडेला न्यावा, म्हणजे मोटरचा प्रवाह त्या कोपऱ्यातल्या कोपऱ्यात फिरून परततो. चिपच्या प्रत्येक वीजपिनेजवळचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर खरोखर पिनेला चिकटूनच असावा. दोन सेंटिमीटर दूर बसवला, तर आकृती बरोबर राहूनही त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

तयार बोर्डाला प्रथम बॅटरी न जोडता प्रवाहाची मर्यादा ०.२ अँपिअरवर बांधलेला प्रयोगशाळेतला वीजपुरवठा जोडतात, म्हणजे चुकलेला सांधा धुराआधीच कळतो. मग बॅटरी लावून मोटर पूर्ण वेगात असताना तिला एकदम उलट दिशा देतात, कारण तेव्हा मोटरचा स्वतःचा दाब बॅटरीच्या दाबात मिसळतो आणि प्रवाह सुरुवातीच्या प्रवाहाच्याही जवळजवळ दुप्पट होतो. त्याच वेळी ऑसिलोस्कोपची एक तार बॅटरीच्या प्रवेशाशी आणि दुसरी थेट चिपच्या वीजपिनेशी धरलेली असते. दोन्ही दाब एकत्र खचले, तर बॅटरी थकलेली आहे किंवा तिच्या तारा बारीक आहेत. प्रवेशाचा दाब स्थिर राहून केवळ ३.३ व्होल्टला खळगा पडला, तर रेग्युलेटर आणि चिप यांच्यामधल्या ग्राउंडमधून मोटरचा प्रवाह वाट काढतो आहे का, हे आधी तपासावे लागते. तसे निघाल्यास प्रोग्रॅम बदलून दिशा हळूहळू पालटता येते आणि खळगा उथळही होतो, पण प्रवाहाची वाट हलवायची तर लेआउटच नव्याने करावा लागतो.