परिच्छेदातून मुद्दे काढताना

अहवालातला परिच्छेद स्लाइडवर आणताना आधी त्याचा निष्कर्ष शोधावा, मग तो सिद्ध करणारे आकडे निवडावेत. महाराष्ट्राच्या जनगणनेवरील परिच्छेदाचे दोन मुद्दे असे होतील:

• दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: ९२२ (२००१) वरून ९२९ (२०११)
• मात्र ०–६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली: ९१३ वरून ८९४

व्याख्या आणि पार्श्वभूमी तोंडी सांगता येते. वर्ष, वयोगट आणि ‘दर हजार’ हे एकक स्लाइडवरच हवे. दुसरा मुद्दा गाळला, तर एकूण सुधारणेआड मुलींच्या प्रमाणातली घट दडते आणि अर्थच उलटतो. शेवटी मूळ परिच्छेद न वाचलेल्या व्यक्तीला मुद्दे दाखवावेत. तिला निष्कर्ष अचूक सांगता आला, तरच संक्षेप साधला.