काल शून्य, आज उणे शंभर टक्के

शेकडा बदल काढायचा तर आजच्या आकड्यातून कालचा वजा करतात आणि उरलेल्याला कालच्याच आकड्याने भागतात. कालचा आकडा शून्य असला की हा भागाकार होतच नाही. डॅशबोर्डवरची टाइल मात्र पहाटेच्या रिफ्रेशनंतर काहीतरी दाखवतेच.

मिठाईचे एक दुकान मंगळवारी बंद असते. बुधवारी विक्री झाली १८,४०० रुपये. पॉवर बीआयमध्ये बदलाचे सूत्र पुष्कळदा असे लिहिलेले असते:

```
DIVIDE([Sales], [PrevSales]) - 1
```

साधे `/` चिन्ह वापरले असते तर इथे `Infinity` आले असते, आणि निदान काहीतरी बिनसल्याचे कळले असते. `DIVIDE` शून्याने भागायची वेळ आली की मुकाट्याने रिकामी किंमत देते. पण वजाबाकीत ही रिकामी किंमत शून्य धरली जाते; शून्यातून एक गेला, उरला उणे एक. परिणामी १८,४०० रुपयांचा गल्ला जमलेल्या दिवशी टाइल लाल रंगात −१००% दाखवते. वजाबाकी आत घेतली की हा घोळ मिटतो:

```
DIVIDE([Sales] - [PrevSales], [PrevSales])
```

शाळेतल्या बीजगणितात ही दोन्ही सूत्रे एकच आहेत, इथे नाहीत. दुसऱ्या सूत्राने टाइल रिकामी राहते. तिथे ०% भरण्याचा मोह टाळावा, कारण ०% म्हणजे ‘काहीच बदलले नाही’. त्यापेक्षा ‘१८,४०० रुपये, काल दुकान बंद’ असे लिहिणे खरे.

मात्र काल विक्री झाली नाही आणि कालची नोंदच आली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. बंद दुकानाची ओळच तक्त्यात नसेल, तर बेरजेला दोन्ही सारख्याच रिकाम्या दिसतात. म्हणून सुट्टीच्या दिवसाची शून्याची ओळ मुद्दाम घालावी लागते. शिवाय `= 0` ही तुलना रिकाम्या किमतीलाही खरी ठरते. फरक ओळखायला `ISBLANK` लागते.

सर्वांत फसवी ती अर्धवट नोंद. तीन शाखा रोज साधारण २०,००० रुपयांची विक्री करतात. एका शाखेची कालची फाइल रिफ्रेशपर्यंत पोहोचली नाही, तर कालची बेरीज ४०,००० भरते, आजची ६०,०००, आणि टाइल हिरव्या रंगात +५०% दाखवते. इथे ना शून्य, ना रिकामी जागा, ना त्रुटीचा संदेश. आकडा शक्य कोटीतला असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही. दुपारच्या रिफ्रेशला फाइल आली की वाढ गायब होते. सकाळचा आकडा दुपारी असा बदलणे हीच या दोषाची खूण.

यावर उपाय म्हणजे टक्केवारीआधी कालच्या शाखा मोजणे, आणि त्या तीन नसतील तर ‘कालच्या नोंदी अपुऱ्या’ एवढेच दाखवणे. शाखेची फाइल आली पण मधेच तुटली, तर ही मोजणीही चुकते. त्यासाठी शाखेने कळवलेली दिवसाची बेरीज आणि तक्त्यातली बेरीज ताडून पाहावी लागते.