वाशिम ते लोणार, तीन चौकटींतून

वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. तरी एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून छोटं सेस्ना 172 उडवलं आणि दक्षिणेला निघालं, की वीसेक मिनिटांत खालची जमीन अडीचशे मीटर वर चढून येते, घाट मागे पडतात आणि वाशिमचं पठार समोर पसरतं. मग पश्चिमेला वळायचं. आणखी वीस मिनिटांत जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाण्यातलं लोणारचं विवर दिसतं. संगणकाच्या कोणत्या भागावर कधी ताण येतो हे समजून घ्यायला मला याहून चांगली वाट सापडलेली नाही.

एक्स-प्लेन सगळी पृथ्वी एक अंश बाय एक अंशाच्या चौकटींत कापून ठेवतो. चौकटीचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं. वाशिम, कारंजा, अकोला आणि अमरावतीसुद्धा `+20+077.dsf` या एकाच फाइलमध्ये आहेत. आपल्या अक्षांशावर अशी चौकट उत्तर-दक्षिण 111 आणि पूर्व-पश्चिम साधारण 104 किलोमीटर भरते, म्हणजे जवळपास साडेअकरा हजार चौरस किलोमीटर.

आता या जमिनीवर उपग्रहाचं छायाचित्र पसरायचं आहे. ऑर्थोफोर-एक्सपी नावाच्या मोफत साधनाने हौशी लोक ते स्वतःच करतात. त्यात झूमची पातळी निवडावी लागते. 16 व्या पातळीवर वाशिमच्या जमिनीचा एक पिक्सेल सव्वादोन मीटरचा असतो, 17 व्यावर सुमारे 1.1 मीटरचा, 18 व्यावर त्याच्याही निम्मा. शेताचा बांध 16 व्या पातळीवर हरवतो, 17 व्यावर रेघ म्हणून उमटतो.

हे चित्र 4096 बाय 4096 पिक्सेलच्या तुकड्यांत साठवलं जातं. ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा पद्धतीने ते दाबताना 4 बाय 4 पिक्सेलच्या प्रत्येक ठोकळ्याला नेमके 8 बाइट मिळतात. ठोकळ्यात दादरचा गजबजलेला चौक असो की मंगरूळपीरजवळचं नांगरून ठेवलेलं काळं रान, बाइट तेवढेच. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. रिकामं माळरान हलकं असेल असं डोळ्यांना वाटतं. स्मृतीच्या लेखी मात्र मोकळी जमीन आणि महानगर यांचं वजन सारखंच. असा एक तुकडा 8 मेगाबाइटांचा होतो, आणि दूरवरून पाहण्यासाठी त्याच्याच लहान लहान प्रती जोडल्या की पावणेअकरा मेगाबाइटांपर्यंत जातो.

17 व्या पातळीवर एका तुकड्यात सुमारे साडेचार किलोमीटर बाजूचा चौरस मावतो. त्यामुळे वाशिमच्या चौकटीला साडेपाचशेच्या आसपास तुकडे लागतात आणि बेरीज सहा गिगाबाइटांच्या घरात पोचते. 16 वर हेच काम दीड गिगाबाइटांत भागलं असतं. 18 वर तेवीस-चोवीस लागतील. पातळी एकने वाढली की जागा चौपट लागते, कारण पिक्सेल लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे दुप्पट होतात.

शिवाय सिम्युलेटर एकच चौकट उघडून थांबत नाही, आजूबाजूच्याही उघडतो. त्या सगळ्यांची पूर्ण चित्रं कुठल्याच घरगुती ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत बसणार नाहीत. म्हणून दूरच्या जमिनीची लहान प्रत वापरली जाते आणि जवळ आलं की मोठी. कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडली तर एक्स-प्लेन जवळच्या जमिनीलाही लहान प्रत देतो. हे ओळखणं सोपं आहे: चित्र अडखळत नाही, विमान सुरळीत उडत राहतं, पण खालची शेतं धुरकट, विरघळल्यासारखी दिसतात. मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, कमी पडली तर लक्षण वेगळं. मग संगणक डिस्कवरून उचल-ठेव करू लागतो आणि चित्र धक्के खात चालतं.

आता वाशिमहून लोणारकडे निघू. शहर सोडल्यावर चारेक मिनिटांत 77 वा रेखांश ओलांडला जातो आणि आपण `+20+076` मध्ये शिरतो. लोणार 20 व्या अक्षांशाच्या जेमतेम अडीच किलोमीटर दक्षिणेला आहे, त्यामुळे पोचण्याआधी `+19+076` सुद्धा लागते. सदुसष्ट किलोमीटरांत तीन चौकटी! या सीमांच्या आसपास नव्या चौकटी वाचल्या जात असताना क्षणभर झटका बसतो. तो प्रत्येक वेळी रेखांश-अक्षांशाच्या रेघेजवळच बसत असेल, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही. डिस्क, रॅम आणि प्रोसेसर यांच्याकडे पाहावं. जलद एनव्हीएमई एसएसडीने तो बराच सौम्य होतो.

प्रोसेसरचं काम याहून निराळं. एक्स-प्लेन पंखांचे आणि पंख्याच्या पात्यांचे लहान तुकडे करून प्रत्येकावर हवेचा जोर किती हे सेकंदाला अनेकदा मोजतो. जोडीला विमानातली यंत्रं, इतर विमानं, आणि कोणती इमारत, कोणतं झाड काढायचं याच्या आज्ञा तयार करणं. सेकंदाला 30 चित्रं हवी तर प्रत्येक चित्रासाठी 33 मिलिसेकंद मिळतात, आणि यातलं बरंचसं काम एकामागून एक, मुख्यतः एकाच गाभ्यावर होतं. म्हणून सोळा संथ गाभ्यांपेक्षा आठ चपळ गाभे इथे सरस ठरतात. रायझन 7 7800एक्स3डी सारखा 96 मेगाबाइट कॅशचा प्रोसेसर सिम्युलेटरवाल्यांना इतका आवडतो तो याचमुळे. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती त्याला हाताशी मिळते. वाशिमच्या पठारावर इमारती विरळ, त्यामुळे प्रोसेसर इथे निवांत असतो. तोच मुंबईवर नेला की घामाघूम.

आणि आकाश? ते जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतं. आताच्या सिम्युलेटरांतले ढग चिकटवलेली चित्रं नसतात. पडद्यावरच्या पिक्सेलमधून एक किरण ढगात सोडला जातो, तो पावलापावलाने आत जातो आणि प्रत्येक पावलावर विचारतो की इथे बाष्प किती दाट आहे आणि सूर्याचा उजेड इथपर्यंत किती पोचला. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर वीस लाखांवर पिक्सेल असतात. फोर-के पडद्यावर त्यांच्या चौपट. मेमधल्या निरभ्र आभाळात हे काम नगण्य. जुलैमधलं भरून आलेलं आभाळ लावा आणि ढगात शिरा, की कार्ड दमतं, जरी खाली तेच वाशिम आहे आणि प्रोसेसरला फारसा फरक पडलेला नाही.

अंदाज बांधत बसायची गरज नाही. एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुटमध्ये `Frame rate` ची ओळ चालू केली की प्रोसेसरला आणि कार्डाला लागणारा वेळ वेगवेगळा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोडचा एफपीएस फलक कोण अडवतंय ते थेट लिहितो. आकडे नकोत तर पडद्याचं रिझोल्यूशन कमी करून पाहा: वेग वाढला तर अडचण कार्डाची, जैसे थे राहिला तर प्रोसेसरची.

मायक्रोसॉफ्टचा 2024 चा सिम्युलेटर किमान 16, शिफारस म्हणून 32 आणि उत्तम अनुभवासाठी 64 गिगाबाइट रॅम सांगतो. कार्डाच्या स्मृतीसाठी हेच आकडे 4, 8 आणि 12 आहेत. तो जमीन इंटरनेटवरून उडता उडता उतरवतो, म्हणून तिथे जोडणीचा वेगही यंत्राचाच भाग समजावा. एक्स-प्लेनमध्ये 17 व्या पातळीची जमीन आणि पावसाळी आभाळ हवं, पडदा साधा असेल, तर माझी निवड अशी: आठ चपळ गाभे, 32 गिगाबाइट रॅम, 12 गिगाबाइट स्मृतीचं कार्ड आणि दोन टेराबाइटांची एसएसडी. पैसे कमी पडले तर मी प्रोसेसर एक पायरी खाली आणीन, कारण विदर्भाच्या मोकळ्या जमिनीवर त्याचीच गरज सर्वांत कमी. मुंबईवर उडणाऱ्याने नेमकं उलट करावं.

कुलर मात्र चांगला घ्या. मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकली, की तापलेला प्रोसेसर आणि कार्ड आपला वेग स्वतःहून उतरवतात. उड्डाणाची पहिली दहा मिनिटं छान आणि मग त्याच आभाळात, त्याच उंचीवर चित्र संथ होत गेलं, तर नवं कार्ड घेण्याआधी पंख्यांवरची धूळ झाडून बघा.