जेवणघरातलं बेसिन

जेवण झालं की पाहुण्यांना हात धुवायला थेट न्हाणीघरात पाठवणं अवघडल्यासारखं होतं. आतली बादली, दोरीवरचे कपडे, ओली फरशी सगळं उघडं पडतं. म्हणून बेसिन बाहेर आलं. पण ते कुठे लावायचं, हे आरशापेक्षा पाइपावर ठरतं.

सर्वांत सोपी जागा म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली भिंत. भिंतीला भोक पाडलं की पाइप पलीकडच्या नहाणी ट्रॅपला जोडता येतो.

समजा, हौसेने बेसिन समोरच्या भिंतीवर, दहा फुटांवर घेतलं. साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार धरला, तर दहा फुटांत पाइप तीन इंच खाली जायला हवा. भिंतीतून नेताना मध्ये दार आलं, की त्याला फरशीखाली शिरावं लागतं. तिथे अनेकदा जेमतेम दोन इंच जागा असते आणि स्लॅब फोडायचा नसतो. मग उतार मारला जातो आणि महिन्याभरात बेसिनमध्ये पाणी तुंबतं.

वास येत असेल तर बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप पाहावा. त्यातलं साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते आटतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं. पाणी जाताना गुडगुड आवाज येत असेल, तर मात्र पाइपात हवा खेळत नाही.

आणि आरसा? त्यात न्हाणीघराचं दार दिसत नाही ना, हे खिळा ठोकण्याआधी जेवणाच्या खुर्चीत बसून पाहावं.