तो पेपर तुमच्या रिव्ह्यूत का नाही? उत्तर परिशिष्टातल्या एका तक्त्यात

नागपुरात धंतोलीतून चक्कर मारली की हॉस्पिटल, लॅब आणि औषधांच्या दुकानांच्या पाट्या मोजता मोजता थकायला होतं. समजा, इथे काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरला एका प्रश्नाचं उत्तर हवंय: भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा किती उपयोग झाला? विदर्भात सिकलसेल खूप घरांत आहे, त्यामुळे प्रश्न कागदी नाही. एखाददुसरा पेपर वाचून भागणार नाही. या विषयावर जे जे छापून आलंय ते ठरलेल्या नियमाने शोधायचं, गाळायचं आणि मग निष्कर्ष काढायचा. यालाच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात.

रिव्ह्यू तयार झाल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "अमुक पेपर यात का नाही?" याची तीनच उत्तरं असू शकतात. तुम्ही शोधलं त्या दिवशी तो पेपर डेटाबेसमध्ये आलाच नव्हता. किंवा आला होता, पण तुमच्या सर्च स्ट्रिंगमध्ये तो सापडला नाही. किंवा सापडला होता आणि तुम्ही कारण देऊन गाळला. तिसऱ्या उत्तराची नोंद रिव्ह्यूत वेगळी असते. पहिल्या दोघांतलं खरं कोणतं, हे फक्त सर्चच्या तक्त्यावरून कळतं. म्हणूनच रिव्ह्यू कसा लिहावा हे सांगणारी प्रिझ्मा 2020 ही यादी दोन गोष्टी मागते: प्रत्येक डेटाबेस शेवटचा कधी शोधला ती तारीख, आणि प्रत्येक डेटाबेसची पूर्ण सर्च स्ट्रिंग, फिल्टरसकट.

स्ट्रिंग जशी चालवली तशीच

"सिकलसेल, हायड्रॉक्सीयुरिया आणि भारत हे शब्द वापरून पबमेड शोधलं" एवढं लिहिलं तर काहीच कळत नाही. पबमेडच्या चौकटीत तुम्ही साधे शब्द टाकता, तेव्हा ते मागच्या मागे त्यांचे समानार्थी शब्द आणि विषय-शीर्षकं जोडून शोधतं. ही जोडणी काळानुसार बदलू शकते. म्हणून प्रत्येक शब्द कुठे शोधायचा हे आपणच सांगितलेलं बरं:

```
#1 "anemia, sickle cell"[mh] OR "sickle cell"[tiab]
#2 hydroxyurea[mh] OR hydroxyurea[tiab]
   OR hydroxycarbamide[tiab]
#3 india[mh] OR india[tiab] OR maharashtra[tiab]
   OR vidarbha[tiab] OR nagpur[tiab]
#4 #1 AND #2 AND #3
```

`[tiab]` म्हणजे शीर्षक आणि सारांशात शोध, आणि `[mh]` म्हणजे पबमेडने पेपरला लावलेलं विषय-शीर्षक. आता दुसरी ओळ बघा. आपल्याकडे सगळे हायड्रॉक्सीयुरिया म्हणतात, पण याच औषधाचं आंतरराष्ट्रीय नाव हायड्रॉक्सीकार्बामाइड आहे. तिसऱ्या ओळीत नागपूर आणि विदर्भ का? नव्या पेपरला विषय-शीर्षक लागायला वेळ जाऊ शकतो, आणि सारांशात "इंडिया" न लिहिता फक्त गावाचं नाव असू शकतं. असा पेपर सुटला तर का सुटला, हे स्ट्रिंग समोर असेल तरच सांगता येतं.

हीच स्ट्रिंग स्कोपसमध्ये चालत नाही, कारण `[tiab]` ही पबमेडची भाषा आहे. स्कोपसला `TITLE-ABS-KEY(...)` असं लिहावं लागतं. त्यामुळे प्रत्येक डेटाबेसची स्ट्रिंग वेगळी आणि तक्त्यात ओळही वेगळी. "इतर डेटाबेससाठी तशीच स्ट्रिंग वापरली" हे वाक्य दिसलं की समजायचं, नोंद अपुरी आहे.

स्ट्रिंग हाताने पुन्हा टाइप करू नका. पबमेडमध्ये `Advanced` वर गेलात की हिस्ट्री दिसते: ओळ, निकालांची संख्या आणि वेळ. तिथून कॉपी करा किंवा फाइल डाउनलोड करा. हे त्याच बैठकीत करा, कारण आठ तास काही केलं नाही तर हिस्ट्री पुसली जाते. वर्डमध्ये पेस्ट केल्यावर सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालीत का तेही तपासा. फोनचा कीबोर्डही कधीकधी हेच करतो. मूळ प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली तर ही भानगड राहत नाही.

तारखा दोन असतात

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक तारीख म्हणजे तुम्ही सर्च चालवला तो दिवस. दुसरी म्हणजे कोणत्या काळातले पेपर घेतले तो फिल्टर. "2000 ते 2024" हा फिल्टर झाला, यावरून सर्च जानेवारीत केला की डिसेंबरमध्ये हे कळत नाही. दोन्हींना वेगळे रकाने द्या. आणि तारीख 05/04/2024 अशी लिहू नका. आपण ती 5 एप्रिल वाचतो, अमेरिकेतला माणूस 4 मे. महिना अक्षरात लिहा.

तक्ता असा दिसेल (तारखा आणि आकडे नमुन्याचे):

| डेटाबेस | सर्चची तारीख | स्ट्रिंग | फिल्टर | निकाल |
|---|---|---|---|---|
| पबमेड | 5 एप्रिल 2024 | ओळी #1 ते #4, पूर्ण | नाही | 60 |
| स्कोपस | 5 एप्रिल 2024 | पूर्ण स्ट्रिंग | नाही | 85 |
| पबमेड (दुसरी फेरी) | 10 ऑक्टोबर 2024 | तीच, पूर्ण | 1 एप्रिल 2024 पासून नोंद झालेले | 4 |

फिल्टर लावला नसेल तर रकाना रिकामा सोडू नका, "नाही" लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ "लावला नाही" की "लिहायचं राहिलं" हे वाचणाऱ्याला कळत नाही. निकालाच्या रकान्यात स्क्रीनवर दिसलेला आकडाच लिहा, डुप्लिकेट काढल्यानंतरचा नाही.

तिसरी ओळ बघा. सहा महिन्यांनी पुन्हा शोधलं तेव्हा जुनी ओळ बदलली नाही, नवी जोडली. फिल्टरही प्रकाशनाच्या तारखेचा नाही, तर पबमेडमध्ये नोंद झाली त्या तारखेचा आहे, म्हणजे `[crdt]`. प्रकाशनाची तारीख मार्चची आणि पबमेडमध्ये नोंद मेमध्ये, असंही होतं. असा पेपर प्रकाशनाच्या फिल्टरने दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत हरवतो. चार दिवसांचा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवलाय. दोनदा आलेला पेपर काढता येतो, न आलेला दिसतच नाही.

तक्ता बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं?

रिव्ह्यूशी संबंध नसलेल्या मित्राला फक्त तक्ता पाठवा. त्याने पबमेडमध्ये ओळी #1 ते #4 चालवाव्यात आणि शेवटी सर्चच्या तारखेपर्यंतची मर्यादा लावावी:

```
#4 AND 1900/01/01:2024/04/05[crdt]
```

आकडा तुमच्या आकड्याच्या जवळ आला पाहिजे. अगदी तोच येईल असं नाही, कारण जुन्या पेपरना नंतर विषय-शीर्षकं लागतात आणि नोंदी दुरुस्त होतात. त्यामुळे दोन-चारचा फरक चालतो. पण तुमचे 60 आणि त्याचे 600 असतील, तर कंस हरवलाय किंवा `AND` च्या जागी `OR` पडलंय. त्याचा आकडा शून्य आला, तर बहुधा ओळीचा क्रमांक चुकलाय. आधी #1, #2 आणि #3 चे आकडे एकेक करून जुळवा. ज्या ओळीचा आकडा जुळत नाही, चूक त्याच ओळीत आहे.

तक्ता परिपूर्ण असला म्हणजे शोधही परिपूर्ण झाला असं मात्र नाही. दुसऱ्या ओळीत हायड्रॉक्सीकार्बामाइड लिहिलंच नसेल, तर तक्ता ती उणीव भरून काढणार नाही. पण ती सगळ्यांना दिसेल, आणि पुढचा माणूस सगळं पहिल्यापासून न करता तेवढी एक ओळ दुरुस्त करून पुढे जाईल.