‘लवकरच’ या शब्दाने भरवसा टिकत नाही

गैरसमज: नम्रपणे माफी मागितली की ग्राहक टिकतो.

वस्तुस्थिती: ‘अपरिहार्य कारणांमुळे विलंब होत आहे, क्षमस्व’ या ओळीतून ग्राहकाला उपयोगाचं काहीच कळत नाही. देवगडहून पुण्याला निघालेली हापूसची पेटी घ्या. आंबे पूर्ण पिकण्याआधीच गवतात भरून पाठवतात आणि वाटेतही ते पिकत राहतात. पेटी दोन दिवस अडकली, तर ती कधी येणार, फळ खराब निघालं तर काय, नको असेल तर पैसे मिळणार का, हे ग्राहकाला आत्ताच ठरवायचं असतं. खुलाशात हीच उत्तरं हवीत. उदाहरणार्थ: ‘12 आणि 13 एप्रिलला निघालेल्या पुण्याच्या पेट्या दोन दिवस उशिरा येतील. ऑर्डर जास्त घेतल्या, पण गाडी एकच ठेवली, चूक आमची. पेट्या 16 तारखेच्या संध्याकाळपर्यंत मिळतील. खराब फळाचा फोटो पाठवा, त्याचे पैसे परत देऊ. ऑर्डर रद्द करायची असल्यास 15 तारखेपर्यंत कळवा, पूर्ण रक्कम परत मिळेल.’

गैरसमज: उशीर वाहतूकदाराचा असेल तर विक्रेत्याची जबाबदारी नाही, आणि गप्प राहणंच सुरक्षित.

वस्तुस्थिती: 2013च्या नाताळात अमेरिकेत असंख्य पार्सलं वेळेवर पोचली नाहीत. आपल्या क्षमतेपेक्षा जास्त हवाई पार्सलं आली, असं यूपीएस या वाहतूक कंपनीने सांगितलं. माल अडकला होता वाहतूकदाराकडे, तरी अ‍ॅमेझॉनने फटका बसलेल्या ग्राहकांना पाठवणीचं शुल्क परत केलं आणि 20 डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. कारण ग्राहकाने पैसे विक्रेत्याला दिलेले असतात. आपल्याकडच्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटीच मानली आहे. त्यामुळे गप्प राहणं सुरक्षित नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: जाहीर खुलाशामुळे ज्यांना उशिराची झळही बसली नाही, तेही बिचकतील. म्हणूनच वरच्या मजकुरात तारखा आणि शहर आहे. 14 तारखेच्या ऑर्डरवाल्याला तो वाचताक्षणी कळतं की आपली पेटी यात नाही. ‘काही ऑर्डर’ असं मोघम लिहिलं की मात्र प्रत्येकाला ती आपलीच वाटते. दुसरा आक्षेप असा की तारीख दिली आणि तीही चुकली तर? तर भरवसा दुसऱ्यांदा मोडेल, हे खरं आहे. म्हणून गाडीवाल्याशी बोलल्याशिवाय तारीख लिहू नये, आणि एक दिवस हाताशी ठेवावा. उद्याची आशा दाखवण्यापेक्षा परवाची खात्री बरी.

खुलासा लिहून काम संपत नाही. ऑनलाइन विक्रीच्या 2020च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. पैसे परत देण्याचं लिहिलं असेल तर ते खात्यात पडेपर्यंत तो खुलासा अपुराच आहे.