दाढीखालची हनुवटी

2017 मध्ये ‘जस्टिस लीग’ आला तेव्हा सुपरमॅनच्या वरच्या ओठाची जगभर चर्चा झाली. हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवली होती आणि ती काढायला परवानगी नव्हती. त्यामुळे नव्याने चित्रित केलेल्या प्रसंगांत ती संगणकावर पुसली. ओठ मात्र विचित्र दिसू लागला. मिशीखालची त्वचा कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते, ती नव्याने घडवावी लागते.

फोटो स्टुडिओत हेच काम लहान प्रमाणावर येतं. आजारपणात दाढी वाढलेल्या वडिलांचा फोटो फ्रेमसाठी हवा असतो, पण घरच्यांना ते नेहमीसारखे तुळतुळीत दाढी केलेले दिसायला हवे असतात. अशा वेळी चांगला रिटचर आधी त्यांचा जुना, दाढी नसलेला फोटो मागतो, शक्यतो त्याच कोनातला. हनुवटी टोकदार की चौकोनी, तिथे खळी आहे का, जबडा कानाखाली कुठे वळतो, हे त्यातूनच कळतं. दाट दाढी चेहरा लांब आणि रुंद दाखवते, म्हणून केसांच्या कडेवरून जबडा आखला की चेहरा हमखास फुगतो. खरी रेषा आतून जाते. तिच्याखाली मानेवर पडणारी सावलीही रंगवावी लागते, नाहीतर चेहरा मानेत विरघळतो.

फोटोशॉपमध्ये नवशिके थेट हीलिंग ब्रश फिरवतात. तो आजूबाजूचा रंग मिसळून घेतो, त्यामुळे शेजारच्या काळ्या केसांचा रंग पसरून करडा डाग उरतो. म्हणून आधी वेगळ्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने गालाची किंवा कपाळाची त्वचा आणून केस पूर्ण झाकायचे आणि सांधे तेवढे हीलिंगने मिटवायचे. त्वचा उचलताना उजेडाची बाजू जुळली पाहिजे. मिशीच्या जागी नाकाखालची उभी पन्हळ आणि ओठाची वरची कड राखायची. ती सपाट झाली की ओठ सुजल्यासारखा दिसतो.

सर्वांत जास्त फसवतो तो रंग. रोज दाढी करणाऱ्या पुरुषाची हनुवटी गालाच्या रंगाची नसते. कातडीखालच्या केसांच्या मुळांमुळे तिथे हलकी निळसर-करडी झाक असते. गालाची त्वचा तशीच चिकटवली तर साठीच्या माणसाला लहान मुलाची हनुवटी येते. म्हणून वर एक फिका करडा थर अगदी कमी अपारदर्शकतेने, जेमतेम जाणवेल इतका द्यायचा. शेवटी मूळ फोटोइतकाच दाणा मिसळायचा. मग चित्र कृष्णधवल करून पाहिलं की उजेडाचे चुकलेले ठिपके दिसतात, आणि आडवं उलटवलं की जबड्याचा वाकडेपणा.

जुना फोटो नसेल तर हनुवटी हा अंदाजच असतो, आणि घरच्यांना तो लगेच खटकतो. स्टुडिओत जाताना लग्नाच्या अल्बममधला किंवा ओळखपत्रावरचा एखादा जुना फोटो आठवणीने सोबत न्या.